छातीतली धडधड : हृदय, पॅनिक की चिंता?

छातीत एकदम धडधड सुरू होते. श्वास पुरत नाही, घाम फुटतो, हातपाय गार पडतात आणि वाटते की आता आपले काही खरे नाही. एवढ्या वर्णनावरून हा हृदयविकाराचा झटका आहे की पॅनिक अटॅक, म्हणजे भीतीचा झटका, हे ओळखता येत नाही. घरच्यांना येत नाही आणि अनुभवी डॉक्टरांनाही येत नाही. कारण शरीराकडे धोक्याची घंटा एकच आहे. हृदयाचा रक्तपुरवठा अडला तरी अ‍ॅड्रिनलिन वाढते, आणि कारण नसताना मनाने घंटा वाजवली तरी तेच अ‍ॅड्रिनलिन वाढते. घाम तोच, थरथर तीच.

मग डॉक्टर ठरवतात कशावरून? लक्षणे कोणती आहेत यापेक्षा ती कशी चालतात यावरून. कशाने सुरू झाली, किती मिनिटांत टोकाला गेली, कशाने थांबली, मधल्या दिवसांत माणूस कसा असतो. आणि या चौकशीआधी एक ठरलेला क्रम पाळला जातो : जे जिवावर बेतू शकते ते आधी तपासायचे, मनाचे नंतर. हा क्रम प्रत्यक्षात कसा चालतो ते दाखवण्यासाठी एक उदाहरण घेऊ. घर आमच्या कल्पनेतले आहे, पण अशा रात्री आपल्यापैकी अनेकांनी पाहिल्या असतील.

खेडजवळच्या एका गावातली सून, वय ३४. शोहर आखातात नोकरीला, घरी सासू आणि दोन मुले. रात्री साडेअकराला भांडी आवरून ती पलंगावर बसली आणि अचानक काळीज तोंडाशी आल्यासारखे झाले. चार-पाच मिनिटांत श्वास कोंडला, ओठांभोवती आणि बोटांत मुंग्या आल्या, हाताची बोटे वाकडी होऊन आखडली. "अम्मी, मुलांना सांभाळा, मी चालले," असे ती सासूला म्हणाली. शेजाऱ्याच्या गाडीतून तिला रुग्णालयात नेले. पोचेपर्यंत ५० मिनिटे झाली होती आणि त्रास निम्म्यावर आला होता.

तिथे सगळ्यांत आधी ईसीजी काढला. छातीत दुखणारा किंवा धडधडणारा रुग्ण आला की १० मिनिटांच्या आत ईसीजी व्हावा असा दंडक आहे, मग वय काहीही असो आणि चेहरा कितीही घाबरलेला असो. तिच्या ईसीजीत ठोके मिनिटाला ११८, पण लय नेहमीची. रक्तदाब १५०/९०, रक्तातला ऑक्सिजन ९९ टक्के. नंतर रक्त घेतले ते ट्रोपोनिनसाठी. ट्रोपोनिन हे हृदयाच्या स्नायूतले प्रथिन. स्नायूला इजा झाली की ते रक्तात उतरते, पण लगेच नाही, काही तास घेते. त्रास सुरू होऊन तासभरच झाला असेल तर पहिला अहवाल चांगला आला तरी त्याने सुटका होत नाही. म्हणून डॉक्टरांनी तिला थांबवून घेतले आणि तीन तासांनी पुन्हा रक्त तपासले. दोन्ही वेळा ट्रोपोनिन वाढलेले नव्हते, दुसरा ईसीजीही तसाच स्वच्छ होता आणि ठोके ८४ वर आले होते.

इथे घरच्यांची नेहमी गफलत होते. पहिला ईसीजी नॉर्मल आला की "काही नाही, टेन्शन आहे" म्हणून सगळे उठतात. ईसीजी हा त्या क्षणाचा फोटो आहे. हृदयविकाराचा झटका आलेल्या काही रुग्णांचाही पहिला ईसीजी साधा दिसतो. म्हणून डॉक्टर थांबायला सांगत असतील तर तो बिल वाढवण्याचा डाव समजू नये. पहिल्या आणि दुसऱ्या ट्रोपोनिनमधला फरक हेच तिथले खरे उत्तर असते.

हे चालू असताना प्रश्न विचारले जात होते. दुखते कुठे? तिने एका बोटाने डाव्या स्तनाखालची जागा दाखवली. हृदयाचे दुखणे सहसा असे टाचणीच्या टोकावर मावत नाही. रुग्ण छातीवर तळहात ठेवतो किंवा मूठ आवळून दाखवतो आणि "दाबल्यासारखे, आवळल्यासारखे" म्हणतो. जागा बोटाने दाबल्यावर किंवा खोल श्वास घेतल्यावर दुखणे वाढते का? तिचे वाढत होते. हेही हृदयाच्या विरुद्ध जाणारे लक्षण, पण एकट्याने पुरेसे नाही. जिभेखाली गोळी ठेवून बरे वाटले, किंवा गॅसचे औषध घेऊन ढेकर आल्यावर बरे वाटले, यांवर मात्र डॉक्टर फारसे विसंबत नाहीत. हृदय ठणठणीत असलेल्यालाही त्या गोळीने बरे वाटते आणि हृदय आजारी असलेल्यालाही ढेकर येतो.

सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न पुढचा होता : त्या वेळी काय करत होता, आणि जिना चढताना, चढावर चालताना असे होते का? ती म्हणाली, विहिरीवरून पाण्याचे हंडे आणते, तेव्हा काही होत नाही. बसल्याजागी होते. एकदा तर झोपेतून उठवले. झोपेतून जागे करणारा त्रास हृदयाचाच असतो अशी समजूत आहे, पण पॅनिक अटॅकही गाढ झोपेतून उठवतो. ओझे वाहताना काही न होणे ही मात्र मोठी गोष्ट. हृदयाची रक्तवाहिनी अरुंद झाली असेल तर काम वाढले की त्रास वाढतो आणि बसले की काही मिनिटांत उतरतो. पॅनिकला कष्टांशी देणेघेणे नसते. तो आरामात बसलेल्यावरही झडप घालतो, काही मिनिटांत शिखर गाठतो आणि बहुधा अर्ध्या-पाऊण तासात ओसरतो. मागे उरतो तो थकवा.

मुंग्या आणि आखडलेली बोटे यांचाही अर्थ लागला. भीतीने श्वास भरभर चालला की कार्बन डायऑक्साइड प्रमाणाबाहेर बाहेर पडतो, रक्तातला आम्लाचा तोल बदलतो आणि कॅल्शियमचा उपयोगी भाग कमी पडतो. त्यातून ओठांभोवती मुंग्या येतात, बोटे वाकडी होतात. आपल्याकडे नेमके याच दृश्याला "बाहेरचे काही लागले" म्हणतात, आणि माणूस दवाखान्याऐवजी ताईतवाल्याकडे नेला जातो. दुवा करायला कोणाची हरकत असायचे कारण नाही. ती गाडीत बसूनही करता येते. यावर कागदी पिशवीत श्वास घ्यायला लावण्याचा एक जुना उपाय आहे, तोही घरी करू नये. खरे कारण हृदय, दमा किंवा फुप्फुसात अडकलेली रक्ताची गुठळी असेल तर त्या पिशवीने ऑक्सिजन आणखी घटतो आणि जीव जाऊ शकतो.

मनाकडे वळण्याआधी डॉक्टरांनी आणखी दोन तपासण्या सांगितल्या : हिमोग्लोबिन आणि थायरॉइड. थायरॉइड जास्त काम करू लागला की दिवसभर धडधड, घाम, हात थरथरणे आणि वजन उतरणे सुरू होते. हिमोग्लोबिन कमी असले तर हृदयाला तेवढाच ऑक्सिजन पोचवण्यासाठी जास्त धावावे लागते. तिचे थायरॉइड ठीक निघाले, हिमोग्लोबिन ९.२ होते. त्याने झटका आला नव्हता, पण धडधडीला खतपाणी मिळत होते. म्हणून लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. रोज चहा किती, दम्याचा पंप किंवा सर्दीची गोळी घेता का, हेही विचारले गेले. पंपातल्या औषधाने आणि नाक मोकळे करणाऱ्या गोळ्यांनीही ठोके वाढतात. नुकतेच बाळंतपण झाले आहे का, एका पायाला सूज आहे का, हा प्रश्न फुप्फुसातल्या गुठळीसाठी होता. दोन्हींचे उत्तर नाही.

आता पॅनिकचे नाव घेता येत होते. तरीही इथे एक बारीक भेद आहे. एक पॅनिक अटॅक येणे म्हणजे आजार नव्हे. असा एखादा झटका आयुष्यात पुष्कळांना येऊन जातो. आजार म्हणायचे तर झटके पुन्हा पुन्हा आणि अवचित यायला हवेत, आणि त्यातल्या निदान एकानंतर महिनाभर किंवा जास्त काळ "परत येईल का" ही धास्ती राहायला हवी, किंवा त्या धास्तीने वागणे बदलायला हवे. तिला दोन महिन्यांत पाच झटके आले होते. पहिला बाजारात आला म्हणून ती बाजारात जाईनाशी झाली होती, दुसरा एसटीत आला म्हणून माहेरी जाणे बंद झाले होते. रात्री मुलाला शेजारी झोपवायची, म्हणजे काही झाले तर कोणी तरी जवळ असेल. हे सगळे तिने कोणालाच सांगितले नव्हते. डॉक्टरांनी विचारले म्हणून निघाले. निदान खरे तर इथे झाले. पॅनिक म्हणजे सगळ्या तपासण्या कोऱ्या आल्यावर चिकटवायची चिठ्ठी नव्हे. त्याची स्वतःची ओळख आहे, आणि ती दिसली नाही तर तपासण्या कोऱ्या असूनही डॉक्टरांनी शोध चालू ठेवायला हवा.

त्याच खोलीत स्टुलावर सासू बसली होती. वय ६१, बारा वर्षांची मधुमेही. जिन्याचा प्रश्न निघाला तेव्हा ती म्हणाली, "हिला नाही, मलाच दम लागतो. गॅस जबड्यापर्यंत चढतो." तीन आठवड्यांपूर्वी दुसऱ्या मजल्यावर जाईपर्यंत होई, आता पहिल्याच मजल्यावर होते. पायरीवर पाच मिनिटे बसले की उतरते. छातीत दुखत नाही, नुसता घसा आवळतो आणि मळमळते. डॉक्टरांनी त्याच रात्री तिचा ईसीजी काढला आणि तिला दाखल करून घेतले. पुढे अँजिओग्राफीत एक रक्तवाहिनी बरीच अरुंद झालेली दिसली. स्त्रिया, वयस्क माणसे आणि मधुमेही यांच्यात हृदयाचे दुखणे पुष्कळदा छातीत न दुखता येते : जबडा, पाठ, घसा, दम, मळमळ किंवा नुसताच कमालीचा थकवा. शिवाय पूर्वीपेक्षा कमी कष्टात आणि जास्त वेळा त्रास होऊ लागला तर तो वाट पाहण्याचा प्रकार नसतो. तीन आठवडे घरात गॅसच्या गोळ्या चालू होत्या. आवाज न करणाऱ्या रुग्णाकडे कोणाचे लक्ष नव्हते.

तिसरा प्रकार यांहून वेगळा, आणि रात्री रुग्णालयात तो क्वचितच येतो. तो येतो दिवसा, बाह्यरुग्ण विभागात, बहुतेकदा दुसरीच तक्रार घेऊन. पंचेचाळीशीचे एक शिक्षक समजा. मान आणि खांदे कायम आखडलेले, पोट बिघडलेले, झोप तुटक, चिडचिड वाढलेली. झटका असा कधीच आलेला नाही. पण मुलीचा प्रवेश, घराचे हप्ते, आईची साखर, शाळेतली बदली, आणि यातले काही नसेल तर मुलगा क्लासहून दहा मिनिटे उशिरा का आला, यांपैकी एक तरी चक्की सतत फिरत असते. एक दळण संपले की दुसरे पडते. थांबवू म्हटले तरी थांबत नाही. बहुतेक दिवस असे आणि सहा महिन्यांहून जास्त काळ चालले असेल, आणि सोबत अस्वस्थता, थकवा, लक्ष न लागणे, चिडचिड, स्नायूंचा ताण आणि झोपेची तक्रार यांपैकी निदान तीन गोष्टी असतील, तर डॉक्टर त्याला सर्वसाधारण चिंताविकार म्हणतात. चाळणी म्हणून सात प्रश्नांची एक प्रश्नावली वापरतात. मागच्या दोन आठवड्यांत कोणता त्रास किती दिवस झाला याला शून्य ते तीन गुण, एकूण २१. दहा किंवा जास्त आले तर नीट मुलाखत घ्यायची. गुणांवरून निदान होत नाही, फक्त दार उघडते.

हे दोन्ही ओळखायला एक साधा प्रश्न उपयोगी पडतो : भीती कशाची वाटते? पॅनिकचा रुग्ण या घटकेला शरीरात काय होते आहे याला भितो, हृदय थांबेल, वेड लागेल, मरेन. चिंताविकाराचा रुग्ण उद्याला भितो. पहिल्याचा आलेख सपाट रेषेतून अचानक उभा राहणारा सुळका, दुसऱ्याचा मंद आचेवर सतत खदखदणारे पातेले. एकाच माणसात दोन्ही असू शकतात, आणि पुष्कळदा असतातच.

वैद्यकशास्त्रालाही हा भेद उशिरा कळला. अमेरिकेतल्या यादवी युद्धातल्या सैनिकांची धडधड आणि छातीतले दुखणे पाहून जेकब दा कोस्टा या डॉक्टरांनी १८७१ मध्ये त्याला "चिडखोर हृदय" म्हटले होते. पुढे विसाव्या शतकाच्या मध्यास न्यूयॉर्कमधले मनोविकारतज्ज्ञ डोनाल्ड क्लाइन इमिप्रामिन हे औषध वापरत असताना एक विचित्र गोष्ट पुढे आली. रुग्ण म्हणत, काही फरक नाही. पण "मी मेलो" म्हणत परिचारिकांकडे धावणे मात्र त्यांनी बंद केले होते. झटके थांबले होते, झटक्याची वाट पाहण्याची चिंता तशीच होती. म्हणजे या दोन वेगळ्या गोष्टी होत्या. १९८० मध्ये अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेत दोन्हींची नावे वेगळी झाली.

आता त्या सुनेच्या हकिकतीत एकच गोष्ट बदलू. समजा झटक्यात तिचे ठोके ११८ ऐवजी १९० असते, बटण दाबल्यासारखे एका क्षणात सुरू झाले असते आणि तसेच एका क्षणात बंद पडले असते. मग संशय वेगळा. हृदयातल्या विजेच्या मार्गात एखादी जास्तीची वाट असेल तर ठोका तिथे गोल गोल फिरू लागतो आणि गती साधारण १५० ते २२० वर जाते. यालाही भीती, घाम, दम सगळे येते, आणि रुग्ण पुष्कळदा तरुण आणि स्त्री असतो. दोन झटक्यांच्या मधल्या काळात ईसीजी अगदी स्वच्छ. त्यामुळे पॅनिकचा शिक्का बसायला वेळ लागत नाही. अमेरिकेत १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अशा लय बिघडलेल्या रुग्णांपैकी सुमारे दोन तृतीयांश जणांची लक्षणे पॅनिक विकाराच्या व्याख्येत बसत होती. आमच्या मते या विषयात सगळ्यांत जास्त अन्याय याच रुग्णांवर होतो, कारण योग्य विद्युत-तपासणी करून ती जास्तीची वाट जाळून टाकली की बहुतेकांचा त्रास कायमचा जातो, आणि तोवर वर्षानुवर्षे ते झोपेच्या गोळ्या घेत बसतात.

पॅनिकमध्ये ठोके चढत जातात आणि उतरत जातात. या आजारात ते उडी मारतात. मानेत फडफड जाणवणे आणि झटक्यानंतर भरपूर लघवी होणे हेही या बाजूचे इशारे. खात्री करायची तर झटका चालू असतानाचा ईसीजी हाती यावा लागतो. २४ तास अंगावर बांधायचा होल्टर रोज त्रास होणाऱ्याला उपयोगी. महिन्यातून एकदा होणाऱ्याला तो बहुधा कोराच येतो, त्याला जास्त दिवस चालणारे यंत्र लागते.

म्हणून घरच्यांना करता येण्यासारखे एक काम आहे. झटका आला की कोणीतरी घड्याळ पाहून मनगटावर नाडी धरावी, १५ सेकंदांचे ठोके मोजून चारने गुणावे, ते नियमित होते की वेडेवाकडे हे पाहावे, आणि सुरू झाल्याची व थांबल्याची वेळ, त्या आधी काय चालले होते, हे कागदावर लिहावे. रमजानमध्ये झाले असेल तर सहरीला काय खाल्ले, साखरेची गोळी कधी घेतली हेही लिहावे. साखर खाली गेली की नेमका असाच घाम आणि थरकाप होतो, मधुमेह्याने तिथल्या तिथे साखर तपासावी आणि कमी असेल तर रोजा लगेच सोडावा. मात्र ही नोंद पूर्वी निदान झालेल्यांसाठी. त्रास पहिल्यांदाच होत असेल, छातीत किंवा जबड्यात आवळून दुखणे १५ मिनिटांत उतरत नसेल, माणूस बेशुद्ध पडला असेल किंवा वय, मधुमेह, रक्तदाब, तंबाखू यांपैकी काही असेल तर मोजत बसू नये, १०८ ला फोन करावा. आणि पॅनिकचे निदान असलेल्यालाही झटका नेहमीसारखा नसेल तर हाच नियम. पॅनिक असल्याने हृदयविकारापासून सूट मिळत नाही.

त्या सुनेला मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवले. तिथे एक औषध सुरू झाले, ते कामाला लागायला काही आठवडे घेते हे आधीच सांगितले गेले. सोबत वर्तनोपचाराच्या बैठका. त्यात तिला मुद्दाम जागच्या जागी पळायला आणि भरभर श्वास घ्यायला लावून तीच धडधड आणि त्याच मुंग्या अंगावर आणून दाखवल्या, म्हणजे त्यांनी जीव जात नाही हे शरीराला पटावे. झटपट आराम देणारी अल्प्राझोलामसारखी गोळी डॉक्टरांनी मोजकेच दिवस आणि मोजून दिली, कारण तिची सवय लागते आणि एकदम बंद केली की झटके उसळून येतात. शेजारणीच्या चिठ्ठीवरची तीच गोळी घेऊ नये हे त्यामुळेच. तिसऱ्या बैठकीनंतर तिने पहिल्यांदा एसटीने एक थांबा प्रवास केला. पुढच्या आठवड्यात दोन थांबे करायचे ठरले.